लायसन्स खरं, साइट खोटी

माझा धाकटा दीर स्लाऊमध्ये राहतो आणि आयपीएलवर थोडेफार पैसे लावतो. ब्रिटनमध्ये ते कायदेशीर आहे, त्यामुळे घरात त्यावर कुणी काही बोलत नाही. (सासूबाईंना माहीत नाही, तो भाग वेगळा.) व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून त्याने एका नव्या साइटवर खातं उघडलं. हळूहळू ४०० पौंड भरले, खात्यात २,८६० दिसायला लागले, आणि त्यातले २,००० काढायला गेला तेव्हा गाडं अडलं. मी पूर्वी लायसन्स असलेल्या एका बेटिंग कंपनीत ग्राहकांची कागदपत्रं तपासायचं काम करायचे, म्हणून त्याने मला फोन केला. "वहिनी, हे लोक अजून पैसे मागतायत. टॅक्स तर मी भरला. आता रिलीज फी म्हणतायत."

टॅक्स भरला, हे ऐकूनच मला काय ते कळलं. तरी त्याला म्हटलं, साइट उघड आणि अगदी तळाला जा. तिथे ब्रिटनमध्ये बेटिंगचे परवाने देणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनचा लोगो होता, खाली लायसन्सधारकाचा अकाउंट नंबर होता. त्याचं म्हणणं, "नंबर मी तपासलाय, कंपनी खरी आहे." आणि कंपनी खरंच खरी होती. कमिशनच्या gamblingcommission.gov.uk या साइटवर पब्लिक रजिस्टर आहे, कुणालाही फुकट बघता येतं. तिथे तो नंबर टाकला की एक जुनीजाणती कंपनी येत होती, परवाना चालू. पण त्याच नोंदीत पुढे त्या कंपनीच्या डोमेन नावांची यादी असते, आणि ती त्याने उघडलीच नव्हती. यादीत त्या कंपनीची साइट होती. दीर खेळत होता त्या साइटच्या पत्त्यात मधे एक आडवी रेघ जास्त होती. तेवढाच फरक. नंबर दुसऱ्याचा उचलून स्वतःच्या पानावर चिकटवला होता.

म्हणून शोध नंबरावरून सुरू करू नका. ब्राउझरच्या पट्टीत दिसतो तो पत्ता जसाच्या तसा रजिस्टरमध्ये टाका. खऱ्या साइटवर तळाची ती लायसन्सची ओळ दाबली की थेट रजिस्टरमधली त्या कंपनीची नोंद उघडते, तशी लिंक देणं परवानाधारकावर बंधनकारक आहे. याच्या साइटवर लोगो म्हणजे नुसतं चित्र होतं, दाबलं तरी काही होत नव्हतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. साइटचं नाव एक आणि रजिस्टरमध्ये कंपनी दुसरी, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. बऱ्याच साइट्स दुसऱ्याच्या लायसन्सवर चालतात आणि यादीत त्या डोमेनपुढे White Label असं लिहिलेलं असतं. डोमेन यादीतच नसेल तर मात्र विषय संपला. कंपनी माल्टाची असो नाहीतर क्युरासावची, ब्रिटनमधल्या ग्राहकांना ऑनलाइन खेळवायचं तर २०१४ पासून ब्रिटनचंच लायसन्स लागतं.

आता पैसे अडकण्याबद्दल. पैसे काढायला टाकल्यावर त्याला Pending दिसलं. दुसऱ्या दिवशी ईमेल आला: पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट हातात धरून काढलेला फोटो. त्याला यात वावगं वाटलं नाही, कारण कागदपत्रं खऱ्या कंपन्याही मागतात. पण कधी मागतात ते बघा. मे २०१९ पासून नियम असा आहे की नाव, पत्ता आणि जन्मतारीख यांची खातरजमा पहिला डाव लावायच्या आधी झाली पाहिजे. शिवाय जी माहिती कंपनीला आधी सहज मागता आली असती, ती पैसे काढायच्या वेळी अट म्हणून पुढे करता येत नाही. या साइटने खातं उघडताना फक्त ईमेल आणि फोन नंबर घेतला होता. तेव्हाच शंका यायला हवी. लायसन्स असलेली कंपनी इतक्या सहज कुणाला आत घेत नाही.

उलट आपल्या लोकांना खऱ्या साइटवर सुरुवातीलाच जास्त त्रास होतो. तपासणी बहुतेक वेळा आपोआप होते, मतदारयादी आणि क्रेडिटच्या नोंदींशी नाव-पत्ता जुळवून. बँकेत वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि साइटवर नुसतं नाव-आडनाव, किंवा नुकतंच घर बदललेलं, की जुळत नाही आणि कागद मागितले जातात. माझ्या टेबलावर असे पाटील, कुलकर्णी आणि शेख रोज यायचे. स्वच्छ फोटो पाठवला तर काम एकदोन दिवसांत उरकायचं. कोपरा कापलेला फोटो किंवा जुनं बँक स्टेटमेंट आलं की पुन्हा फेरी.

मोठी रक्कम जिंकली किंवा अचानक खूप पैसे भरले, तर पैसा आला कुठून हे खरी कंपनीही मध्येच विचारते, पगाराच्या स्लिप मागते. तो मनी लाँडरिंगच्या कायद्याचा भाग आहे आणि त्यात दिवस जातात. हे झालं की कंपनीकडची मंजुरी, मग बँकेचे एकदोन कामाचे दिवस. पैसे शक्यतो ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर परत जातात. आणि Pending असताना "पैसे काढणं रद्द करून पुन्हा खेळा" असं बटण दिसत असेल तर साइट ब्रिटनच्या नियमातली नाही. ती सोय २०२१ पासून बंद आहे. दिराच्या साइटवर ते बटण हिरवंगार चमकत होतं.

कागद दिल्यावर टॅक्स आला. २,००० वर १२ टक्के, म्हणजे २४० पौंड, आणि तेही खात्यातल्या शिलकीतून नाही, वेगळे भरायचे. ब्रिटनमध्ये जिंकलेल्या पैशावर खेळणाऱ्याला कर नाही. ग्राहकाकडून घेतला जाणारा बेटिंगचा कर २००१ मध्येच गेला, आता तो कंपनी भरते. बरं, टॅक्स असताच तर शिलकीतून कापला असता ना? दिराने हे विचारलंही होतं. उत्तर आलं, "नियमाप्रमाणे वेगळाच भरावा लागतो." पैसे गेले कुठे, तर एका बांधकाम कंपनीसारख्या नावाच्या खात्यात, बँक ट्रान्सफरने. त्यानंतर रिलीज फीचे १८०. ते मात्र वाचले.

लायसन्स असलेल्या कंपनीशी वाद झाला तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करायची. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर कंपनीने नेमलेल्या त्रयस्थ संस्थेकडे फुकट जाता येतं. इथे तो रस्ताच नव्हता.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की तिकडे तपासायला रजिस्टरच नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केलेत. कुणी "गोव्याचं लायसन्स" दाखवत असेल तर गोव्यातले परवाने तिथल्या जहाजांवरच्या आणि हॉटेलांतल्या कॅसिनोंचे आहेत, वेबसाइटचे नाहीत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

दिराने त्याच संध्याकाळी बँकेला कळवलं. ब्रिटनमधल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फसवून पाठवायला लावलेले पैसे परत करायचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून बँकांवर आहे. २४० पौंडांचा दावा घेतला गेलाय. आधीच्या ४०० बद्दल बँक विचारते आहे की ही फसवणूक की हरलेली बाजी, म्हणून रजिस्टरच्या त्या पानाचे आणि साइटच्या तळाचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून पाठवलेत. पासपोर्टची प्रत मात्र गेली ती गेली. तिच्यावर कुणी कर्ज काढू नये म्हणून सिफास या फसवणूक रोखणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे नाव नोंदवून ठेवलंय. आता त्याच्या नावाने कुठेही अर्ज आला की जास्तीची तपासणी होईल, त्याचा स्वतःचा अर्ज असला तरी.