शेजारच्या कुत्र्याबद्दलची चिठ्ठी: गॅलरीला आडोसा सुचवावा की दुपारची सोबत?

शेजारचा कुत्रा दिवसभर भुंकतो आणि तुम्ही भांडायच्या ऐवजी चिठ्ठी लिहायचं ठरवलंय, हे उत्तमच. भाषा कशी ठेवायची हे बहुतेकांना जमतं. अडतं ते पुढे: उपाय म्हणून नेमकं काय सुचवायचं? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोन घरांना मिळून करता येतील असे दोन उपाय आहेत. एक, कुत्र्याला गॅलरीतून बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था. दुसरा, तो एकटा असतो त्या वेळात कुणीतरी सोबत. दोन्ही चांगले आहेत, पण वेगवेगळ्या कुत्र्यांसाठी. चुकीचा उपाय सुचवला तर भुंकणं वाढूही शकतं, आणि मग दुसरी चिठ्ठी कुणी मनावर घेत नाही.

म्हणून लिहिण्याआधी थोडे दिवस वेळा टिपून ठेवा. कधी सुरू झालं, किती वेळ चाललं, त्या वेळी बाहेर काय चालू होतं, एवढंच. याचा आणखी एक उपयोग आहे. मालक घरी असताना कुत्रा बहुधा शांत असतो, त्यामुळे त्यांनी हे भुंकणं खरोखरच ऐकलेलं नसतं. ‘तुमचा कुत्रा सारखा भुंकतो’ हे त्यांना खोटं वाटू शकतं. ‘साडेदहाला कचऱ्याची गाडी आली की सुरू होतो’ हे पटतं.

समजा, दुसऱ्या मजल्यावरचं घर आहे, दोघंही नोकरीला जातात आणि गॅलरी गेटच्या बाजूला आहे. टिपलेल्या वेळा बघितल्या तर कचऱ्याची गाडी, कुरियरवाला, पाऊण वाजता शाळेची बस, खालून जाणारी मांजर. प्रत्येक वेळी ठणठणीत, चढ्या आवाजात दोन-चार मिनिटं, मग गप्प. दुपारी दोन ते चार रस्ता सामसूम असतो, तेव्हा कुत्राही शांत. हा राखणदार कुत्रा आहे. त्याच्या हिशोबाने तो यशस्वी आहे, कारण कुरियरवाला येतो, हा भुंकतो आणि कुरियरवाला निघून जातो. तो कसाही जाणारच होता, पण कुत्र्याला वाटतं, आपण हाकललं. रोज अशी पावती मिळत असल्यामुळे ही सवय आपोआप सुटत नाही, उलट पक्की होत जाते.

याला आडोसाच बरा. गॅलरीच्या ग्रिलला कुत्र्याच्या नजरेच्या वरपर्यंत, साधारण चार फुटांपर्यंत, हिरवी शेडनेट बांधायची किंवा स्लायडिंगच्या काचेला खालच्या बाजूने दुधी फिल्म लावायची. घरी कुणी नसताना गॅलरीचं दार बंद आणि आत पंखा चालू. खर्च फारसा नाही, काम एका सुट्टीच्या दिवशी होतं आणि फरक लवकर कळतो. जाळी बाहेरून दिसणार असेल तर सोसायटीला आधी विचारलेलं बरं. मर्यादाही आहे: आडोसा दृश्य अडवतो, आवाज नाही. लिफ्टच्या आणि बेलच्या आवाजाला तो भुंकतच राहील. तिथे तुमचा वाटा येतो. तुमची पार्सलं वॉचमनकडे ठेवायला सांगा, मजल्यावर बेल कमी वाजेल.

आता दुसरं घर घ्या. मालक सव्वानऊला निघतात आणि अर्ध्या तासाच्या आतच सुरू होतं. बाहेर काही असो वा नसो. भुंकण्यात मधूनच लांब हेल काढून विव्हळणं, दार खरवडल्याचा आवाज, दमून थोडी विश्रांती, पुन्हा तेच. रविवारी घरात माणसं असली की काही नाही. हा कुत्रा कुणावर भुंकत नाही, तो घाबरलेला आहे. एकटेपण त्याला सोसत नाही. याच्या गॅलरीचं दार बंद केलंत तर कोंडल्यासारखं होऊन तो जास्त बिथरेल.

इथे सोबतच हवी. घरी असणारे एखादे आजोबा, पगारी डॉग वॉकर किंवा डे केअर. डे केअर महाग पडतं, पण दिवसभराची भीती तेच सर्वांत चांगलं टाळतं. दुपारच्या एका फेरीने दिवसाचे दोन तुकडे होतात, त्रास कमी होतो, मूळ भीती जात नाही. ती घालवायला मालकांनाच पशुवैद्यकाच्या किंवा प्रशिक्षकाच्या मदतीने त्याला मिनिटा-मिनिटाने एकटं राहायला शिकवावं लागतं, आणि त्यात महिने जाऊ शकतात. त्या काळात त्याला जमेल तितकं कमी एकटं ठेवायचं असतं, म्हणून शेजाऱ्याची सोबत इथे खरी मोलाची ठरते. मात्र ‘मी बघेन’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा, रोज जमेल का? आणि किल्ली घेण्याआधी मालक घरी असताना दोन-तीनदा जाऊन कुत्र्याशी ओळख करून घ्या. घरात एकटा असलेला घाबरट कुत्रा अनोळखी माणसाला चावू शकतो, किंवा दार उघडताच जिन्याकडे पळतो.

ओळखण्यात शंका असेल तर मालकांना एक दिवस मोबाइल घरात रेकॉर्डिंगला ठेवून जायला सांगावं. पहिला तासच पुष्कळ सांगतो.

माझं मत: वेळा बाहेरच्या हालचालीशी जुळत असतील तर निःशंकपणे आडोसा सुचवा. जुळत नसतील तर सोबत. दोन्ही एकाच चिठ्ठीत नकोत. चार सूचना दिसल्या की ती तक्रार वाटते. पहिल्या घरासाठी चिठ्ठी अशी होईल:

‘दादा, वहिनी, नमस्कार. मोतीबद्दल थोडं बोलायचं होतं. तुम्ही घरी असता तेव्हा तो शांत असतो, म्हणून कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. दिवसा गेटवर कुणी आलं की तो बराच भुंकतो. वेळा मागे लिहिल्या आहेत. आईंना दिवसा आराम मिळत नाही, आणि त्यालाही दिवसभर चैन नसावी. मला वाटतं, तो गॅलरीतून गेटकडे बघून भुंकतो. ग्रिलला खालून शेडनेट लावून एक महिना बघूया का? निम्मा खर्च आमचा, आणि रविवारी बांधायला मी येतो. आमची पार्सलंही आता खालीच ठेवायला सांगतो. तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर जरूर सांगा.’

दुसऱ्या घरासाठी मधली तीन-चार वाक्यं बदलतील: ‘तुम्ही निघालात की थोड्या वेळाने तो रडल्यासारखा भुंकतो. एकटा घाबरत असावा. बाबा दुपारी घरीच असतात, त्यांना कुत्र्यांची सवय आहे. चालत असेल तर एक महिना ते एक वाजता त्याच्यापाशी जाऊन बसतील. तोवर डॉक्टरांना एकदा विचारून बघाल का?’

भुंकणं थांबवणारा शॉकचा पट्टा चिठ्ठीत सुचवू नका. घाबरलेल्या कुत्र्याची भीती त्याने वाढते. व्हॉट्सॲप ग्रुपवरही लिहू नका. चार लोकांसमोर कुणी चूक मान्य करत नाही. सोसायटीकडे तक्रार हा मार्ग उरतोच, पण भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही. म्हणजे सेक्रेटरीही शेवटी दोन्ही घरांना समोरासमोर बसवूनच बोलणार. अपवाद एकच: कुत्रा दिवसभर साखळीने बांधलेला असेल आणि त्याला फिरवतच नसतील. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात, कलम 11 मध्ये, हा गुन्हा आहे, आणि तिथे शेडनेटने काही साधत नाही.

महिना संपताना पुन्हा त्याच वेळांत टिपण करा आणि दोन्ही कागद घेऊन त्यांच्याकडे चहाला जा. राखणदार कुत्र्याच्या बाबतीत भुंकण्याच्या वेळा निम्म्यावर आल्या असतील तर जाळी राहू द्या. काहीच फरक नसेल तर बहुधा कारण ओळखण्यात चूक झाली आहे; अशा वेळी रेकॉर्डिंग करून दुसरा उपाय धरा.