घरच्या दस्तांसाठी मोडी: कोणतं ॲप घ्यावं?

माझ्यापुढे आमच्या हवेली तालुक्यातल्या जमिनीचं इंग्रज अमदानीतलं, मोडी लिपीतलं खरेदीखत होतं, म्हणून मी दोन प्रकारची ॲप्स वापरली. एक गिरवण्याचं: बोटाने अक्षर काढा, बाराखडी पाठ करा. दुसरं ओळींचं: खऱ्या दस्ताची एकेक ओळ समोर येते आणि देवनागरी वाचन झाकलेलं असतं. पाटी कोरी असेल तर गिरवण्याचं ॲप चांगलंच आहे. अक्षरं लवकर ओळखीची होतात आणि हातालाही वळण लागतं.

पण ते घेऊन दस्तासमोर बसलं की अडायला होतं, आणि माझा निर्णय तिथेच झाला. ॲपमधलं अक्षर छापील फाँटमधलं, सुटं आणि नेटकं. दस्तात मात्र कारकुनाने आधी पानभर शिरोरेषा ओढलेली असते आणि लेखणी फारशी न उचलता अक्षरं तिला लटकवलेली असतात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही. समजा ओळ अशी आहे: ‘लिहूनदेणाररामजीबिनसखारामराहणारमौजे’. अक्षरन् अक्षर येत असलं तरी कुठे तोडायचं ते कळत नाही.

ओळींच्या ॲपने मला ही तोडणी शिकवली. आधी ‘बिन’ शोधायचं, म्हणजे अमक्याचा मुलगा. त्याच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचा बाप. मग ‘राहणार’, मग ‘मौजे’, आणि मौजेच्या पुढे गावाचं नाव. दस्ताची भाषा साचेबंद असते, त्यामुळे हे चार-पाच खुंटे हाती लागले की मधली अक्षरं अंदाजाने लावून पडताळता येतात. गावाचं नाव आपल्याला माहीत असतं, त्यावरून त्या कारकुनाचं एखादं विचित्र वळणही उलगडतं आणि पुढच्या पानावर तेच कामी येतं.

रकमांचंही तसंच. गिरवण्याच्या ॲपमध्ये मला आकडे मिळाले, पण आकड्यापुढच्या उभ्या दंडांबद्दल काही नव्हतं. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आकारणी ‘३॥’ असेल तर ते साडेतीन रुपये. दंड सोडून तीन वाचलं तर पुढचा हिशेब जुळत नाही.

ओळींच्या ॲपमध्ये उणीव आहे, ती म्हणजे नमुने बहुतेक पेशवेकालीन, बोरूने लिहिलेले. घरातले दस्त टाकाने लिहिलेले असतील तर वळण बारीक आणि जास्त तिरकं लागतं. तेवढा सराव स्वतःच्या कागदावरच करावा लागेल. कुणाला मोडीत लिहायचीही हौस असेल, तर गिरवण्याचं ॲप त्याला कदाचित जास्त आवडेल. मी ते अक्षरओळख होईपर्यंत ठेवलं आणि मग काढून टाकलं.

कचेरीत किंवा कोर्टात कागद लावायचा असेल तर मात्र जाणकार मोडी वाचकाकडूनच सहीनिशी लिप्यंतर करून घ्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परिसरात चौकशी केली तर असे वाचक सापडतात.