दोन दुरुस्त्यांनंतरही परत लागलेला इंजिनचा दिवा: सर्व्हिस मॅनेजरांना पत्र

माननीय सर्व्हिस मॅनेजर यांस,

स. न. वि. वि.

आपल्याकडून घेतलेली पेट्रोल गाडी मी आठ महिने चालवत आहे आणि तिच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे, ती म्हणजे इंजिनचा पिवळा दिवा. वॉरंटीत दोनदा दुरुस्ती होऊनही परवा सकाळी तो पुन्हा लागला. पहिल्या वेळी आपण ऑक्सिजन सेन्सर बदललात, दुसऱ्या वेळी एअर फ्लो सेन्सर साफ केलात. तिन्ही वेळा कोड एकच होता, P0171, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे.

हा कोड कोणता भाग बिघडला ते सांगत नाही. सेन्सरने जादा ऑक्सिजन दाखवला म्हणून सेन्सरच दोषी ठरत नाही. बहुधा तो खरेच सांगत असतो. माझ्या साध्या स्कॅनरवर इंजिन आयडलिंगला असताना लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने पेट्रोलात स्वतःहून केलेली वाढ, +२२ टक्के दिसते आणि २५०० आरपीएमवर धरल्यास ते +५ टक्क्यांवर येते. पंप किंवा फिल्टर कमी पडत असता, तर जोर लागताना हा आकडा उलट वाढला असता. आयडलिंगलाच तो जास्त असणे म्हणजे एअर फ्लो सेन्सरच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत ओढली जात असावी, कारण त्या वेळी मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जोरदार असतो आणि एकूण हवा थोडी, त्यामुळे बारीकशी गळतीही मोठी ठरते. सकाळी थंड गाडी सुरू केली की पहिली दोन मिनिटे इनटेक मॅनिफोल्डजवळ बारीक सूं असा आवाज येतो आणि आरपीएमचा काटा थरथरतो. इंजिन तापले की दोन्ही थांबते. आपल्याकडे गाडी दरवेळी तापलेलीच पोहोचते, हे मुद्दाम लिहितो.

म्हणून माझी विनंती आहे की गाडी रात्रभर आपल्याकडे ठेवून सकाळी ती सुरू करण्याआधीच इनटेकची स्मोक टेस्ट करावी आणि गॅस्केट व पीसीव्हीचा पाइप यांच्यापाशी धूर निघतो का, ते पाहावे. कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेमची, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीच्या आकड्यांची, नोंद मला द्यावी, कारण कोडबरोबर तीही पुसली जाते. दिवा बंद असलेली गाडी ताब्यात देणे हा दुरुस्तीचा पुरावा मी धरू शकत नाही. कोड पुसल्यावर इंजिनाच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि हा दोष बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत आढळल्यावरच दिवा लागतो. मागच्या वेळी तो नवव्या दिवशी लागला. त्यामुळे दोन-तीन दिवस चालवल्यानंतरचे आयडलिंगचे ट्रिम शून्याच्या आसपास आलेले मला पाहायचे आहे.

आपल्या मेकॅनिकने दोन्ही वेळा माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, परंतु जॉब कार्डावर केवळ 'दिवा लागतो' एवढेच लिहिले गेले. या वेळी 'तीच तक्रार, तिसरी वेळ' असे स्पष्ट लिहावे आणि काम पूर्ण होण्याआधी वॉरंटीची मुदत संपली, तरी ही तक्रार मुदतीतलीच धरली जाईल, असे लेखी द्यावे.

गाडी केव्हा आणून ठेवू, ते कळवावे.

आपला,
एक ग्राहक