खोली लावायची चेकलिस्ट: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

होमस्टेची खोली एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडे जाताना वापरायची एक तयार चेकलिस्ट मी घेतली, छापली, लॅमिनेट केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पुसता येणारा मार्कर शेजारी दोरीने बांधला. काही महिन्यांनी तिचं मूळ रूप जवळजवळ उरलेलं नाही, पण ती टाकून द्यावी असंही वाटलं नाही. चादरी, साबण-शाम्पू, उपकरणं आणि नुकसान असे चार भाग तिच्यात आहेत आणि चारही लागतात. बिघडलेल्या गोष्टी दोनच होत्या, कामांचा क्रम आणि टिक करण्याची पद्धत.

आधी क्रमाचं सांगतो. मूळ यादीत नुकसानीची तपासणी सर्वात शेवटी होती. कागदावर ते बरोबर वाटतं, म्हणजे खोली आवरली की मग नजर फिरवायची. पण तोपर्यंत चादर मशिनमध्ये गेलेली असते, टेबल पुसलेलं असतं, खुर्ची जागेवर ठेवलेली असते. डाग कुणाच्या वेळचा, खुर्चीचा पाय आधीपासून हलत होता की आत्ता हलायला लागला, हे सांगायला काहीच उरत नाही. म्हणून आता पहिली ओळ अशी आहे: दार उघडायचं, कशालाही हात लावायचा नाही, ठरलेल्या जागांवर उभं राहून फोटो काढायचे. दारातून पूर्ण खोली, पलंग, टेबलाचा पृष्ठभाग, बाथरूमचं बेसिन आणि आरसा, कपाट उघडून आतून. तेच फोटो खोली लावून झाल्यावर पुन्हा काढायचे, त्याच जागेवरून. कोन बदलला की तुलना होत नाही, त्यामुळे फरशीवर कोपऱ्यात रंगीत टेपचा छोटा तुकडा लावून उभं राहायची जागा पक्की केली आहे.

याचा उपयोग झालेला एक प्रसंग सांगतो. टेबलाच्या कडेला लाकडावर इस्त्री टेकवल्यासारखा तपकिरी डाग दिसला. आमच्या मावशी म्हणाल्या, "हा आत्ताच्याच पाहुण्यांचा, परवा नव्हता." फोटो मागे मागे चाळत गेलो तर त्याच्या दोन मुक्काम आधीच्या फोटोत डाग होता, फक्त त्यावर पाण्याचा जग ठेवलेला असल्याने अर्धाच दिसत होता. निघून गेलेल्या माणसाला पैशांचा मेसेज जाणार होता, तो थांबला. तेव्हापासून टेबलाचा फोटो वरच्या वस्तू बाजूला करून काढायचा, एवढी एक सूट "हात लावायचा नाही" या नियमाला आहे. लाकडावरचे ओरखडे वरून काढलेल्या फोटोत दिसतच नाहीत. मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ आडवा धरला की प्रत्येक ओरखड्याची सावली पडते आणि मग फोटोत येतो.

फोटो झाले की लगेच ती कामं सुरू करायची जी आपल्याशिवाय चालू राहतात. गीझर चालू, एसी चालू, कमोडमध्ये क्लीनर घालून ठेवायचं, खिडक्या काही मिनिटं उघडायच्या आणि मग एसीसाठी बंद करायच्या. मूळ यादीत गीझर आणि एसी खूप खाली होते. त्या क्रमाने गेलं तर एसीतून पाणी गळतंय हे पाहुणा जिन्यावर असताना कळतं. गळती लगेच दिसतही नाही. आतलं पाणी साचायला वेळ लागतो, नळी तुंबली असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने थेंब भिंतीवर येतो. साफसफाई चालू असतानाच एसी चालू ठेवला तर ती चाचणी फुकटात होते.

आता टिकचं. "गीझर चालतो ✓" या ओळीला काही अर्थ नाही, कारण लाल दिवा लागला की कुणीही टिक करतो. मी टिकच्या जागी आकडा लिहायला लावला. साधारण 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा गीझर पाणी 30 अंशांनी वाढवायला सुमारे 16 मिनिटं घेतो. दिवा किती मिनिटांनी विझला ते लिहायचं. पाहुण्याने सकाळी अंघोळ केली असेल तर टाकीत थोडं कोमट पाणी असतं आणि वेळ कमी येतो, ते समजून घ्यायचं. पण दिवा पाच मिनिटांत विझला आणि नळाला कोमटच पाणी आलं, तर थर्मोस्टॅट लवकर तोडतोय. पाणी तापताना आतून कडकड आवाज येऊ लागला तर क्षार साठलाय. उलट वेळ खूपच लांबला तर विजेचा दाब कमी आहे किंवा एलिमेंट गेलंय. आकडे ओळीने खाली लिहिलेले असले की बिघाड येण्याआधी कल दिसतो. यादीतला माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच.

बाकी उपकरणांना इतका वेळ लागत नाही. केटल उघडून आत बघायचं, नुसती बाहेरून पुसायची नाही. लोक तिच्यात पाण्याशिवाय काय काय उकळतात हे होमस्टे चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तळाशी पांढरा थर आला असेल तर सायट्रिक अॅसिड घालून पाणी उकळायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि दोनदा नुसतं पाणी उकळून ओतायचं. टीव्हीवर आधीच्या पाहुण्याचं खातं लॉगइन राहिलंय का ते पाहायचं. सॉकेट तपासताना चार्जर लावून हलवून बघायचा. सैल बसत असेल किंवा भोकाभोवती तपकिरी झाक आली असेल तर तो सॉकेट चिकटपट्टी लावून बंद करायचा आणि इलेक्ट्रिशियनला फोन करायचा. आणखी एक ओळ मी स्वतः घातली: खोली काही दिवस रिकामी असेल तर बाथरूमच्या जाळीत मगभर पाणी ओतायचं. खालच्या वळणात साठलेलं पाणी सुकलं की गटाराची हवा सरळ वर येते, आणि कितीही फिनाइल टाकलं तरी तो वास जात नाही. शॉवरही तेव्हाच काही मिनिटं सोडून द्यायचा, पाइपातलं साचलेलं पाणी निघून जातं.

चादरींचा भाग मूळ यादीत चांगला होता, पण तो "बदलल्या का" एवढ्यावर थांबत होता. मुख्य तपासणी काढताना करायची असते. अभ्रा, चादर, प्रोटेक्टर, या क्रमाने एक एक उचलायचं आणि मोजायचं. सगळं एका गोळ्यात गुंडाळून टोपलीत टाकलं की पाहुण्याचा चार्जर, कानातलं आणि आपला एखादा नॅपकिन, तिन्ही मशिनमध्ये जातात. प्रोटेक्टरच्या खाली गादी पाहायचीच, ओल तिथे लपते. मग गादीची शिवण बोटाने उघडत चारही कडा बघायच्या, विशेषतः डोक्याकडचे दोन कोपरे आणि पलंगाच्या पाठीमागची फट. शिवणीत शाईने ठिपके दिल्यासारखे काळे डाग दिसले तर ओल्या कपड्याने एक पुसून पाहायचा. शाईसारखा पसरला तर तो ढेकणांचा असण्याची दाट शक्यता. अशा वेळी चादरी त्याच खोलीत पिशवीत घालून तोंड बांधायचं, घरातून उघड्या नेऊ नयेत, आणि 60 अंशांवर धुवायच्या. थंड पाण्याच्या धुलाईने ढेकूण आणि अंडी खात्रीने मरत नाहीत. ती खोली त्या दिवशी द्यायची नाही, मग बुकिंग कितीही चांगलं असो.

डागांच्या बाबतीत यादीत एक तक्ता होता, तो मी दोन ओळींवर आणला. रक्ताला थंड पाणी, कारण गरम पाण्याने ते धाग्यात पक्कं बसतं. टॉवेलवर नारिंगी गंजासारखे डाग आले तर ब्लीच नको. काही सनस्क्रीनमधला घटक आणि पाण्यातलं लोह एकत्र येऊन ते होतात आणि ब्लीचने अजून गडद होतात. पांढऱ्या टॉवेलवरच्या मेकअपच्या डागांवर मात्र उपाय एकच निघाला. बेसिनजवळ गडद रंगाचा एक छोटा नॅपकिन ठेवला आणि तक्रार संपली.

प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच हवेत, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोनांवर भागवायला गेलं की पावसाळी हवेत अर्धवट वाळलेली चादर घडी होते आणि कपाटातला सगळा कप्पा कुबट वास धरतो. घडी घालण्याआधी शिवणीला गाल लावून बघायचा. मधलं कापड कोरडं वाटलं तरी शिवण ओली असते. टॉवेलला फॅब्रिक सॉफ्टनर मी बंद केलं, मऊ होतात पण पाणी टिपत नाहीत.

साबण-शाम्पूवर फार लिहिण्यासारखं नाही. भिंतीवरच्या डिस्पेन्सरमध्ये भरायचं, पंप दोनदा दाबून बघायचा, टॉयलेट रोल एक लावलेला आणि एक जादा. छोट्या बाटल्या अर्ध्या वापरलेल्या राहिल्या तर त्या काढून टाकायच्या, पुढच्याला त्या ठेवायच्या नाहीत.

नुकसानीच्या रकान्यात मी दोन भाग केले, "झीज" आणि "मोडतोड". पडद्याचं एक हूक निघालं, भिंतीवर सुटकेस घासल्याची रेघ, कपाला बारीक टवका, हे झिजेत. ते लिहून ठेवायचं, पाहुण्याला कळवायचं नाही. आरसा तडकला, गादीवर जळल्याचं भोक, रिमोट गायब, हे मोडतोडीत, आणि ते त्याच दिवशी फोटोसह कळवायचं. बुकिंग साईट्सना दाव्यासाठी ठरावीक मुदत असते आणि तोपर्यंत दुसरा पाहुणा येऊन गेला की दावा दुबळा होतो. झिजेचा रकाना वाचनीय असतो. एकाच कोपऱ्यात तीन वेळा रेघ आली तर पाहुणे निष्काळजी आहेत असं नसतं, तिथे सुटकेस ठेवायला जागा नाही एवढंच.

कमी पडते ती यादी वासाच्या बाबतीत. तास-दीड तास आत काम केलेल्या माणसाला खोलीचा वास येतच नाही. म्हणून काम संपल्यावर बाहेर दहा मिनिटं थांबून पुन्हा आत यायचं आणि मगच शेवटची सही करायची. मावशी सुरुवातीला हसल्या, आता त्याच दार बंद करून बाहेर उभ्या राहतात.

सकाळी 11 ला चेकआउट आणि दुपारी 2 ला चेकइन असेल तर एका खोलीला दोघांत एवढं सगळं बसतं. दोन तासांहून कमी वेळ मिळाला तर कपाटाच्या वरची धूळ, खिडकीच्या काचा, केटलचा क्षार पुढच्या वेळी. फोटो, शिवण आणि गीझरचा आकडा मात्र सोडायचे नाहीत, आणि त्यालाही वेळ नसेल तर चेकइन तासभर पुढे ढकलण्याचा मेसेज सकाळीच पाठवायचा.