मान फुगलेली, बीपी उतरलेलं: लॅसिक्स द्यायचं की सलाईन?

रात्रपाळीला कॅज्युअल्टीत बसणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. हार्ट अटॅकचा पेशंट, गळ्याच्या शिरा टरटरून फुगलेल्या. हात आपोआप लॅसिक्सकडे आणि सॉर्बिट्रेटकडे जातो. निम्म्या वेळा तो बरोबरही असतो. पण ज्या पेशंटमध्ये तो चुकतो, तिथे चूक सुधारायला मिळतात ती जेमतेम काही मिनिटं.

दोन पेशंट शेजारी ठेवून पाहू. पहिला स्वारगेटचा, साठीतला, हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक. उठून बसलाय, धापा टाकतोय, बीपी १६०/१००, दोन्ही फुफ्फुसांत खालपासून मधल्या भागापर्यंत बुडबुड्यांचा आवाज. याचा डावा कप्पा थकलाय आणि रक्त मागे फुफ्फुसात तुंबलंय. नायट्रेटने शिरा सैल होतात, लॅसिक्सने पाणी निघतं, फुफ्फुसावरचा भार उतरतो. इथे दोन्ही औषधं योग्यच.

दुसरा हडपसरचा, पंचावन्नचा रिक्षाचालक. छातीत दुखतंय, घामाने निथळलाय, बीपी ९६/६०, नाडी ५४. मानेच्या शिरा जबड्यापर्यंत फुगलेल्या. ईसीजीत II, III, aVF मध्ये एसटी वर, आणि III मध्ये II पेक्षा जास्त. पाठीला स्टेथोस्कोप लावला, तर फुफ्फुसं स्वच्छ. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणजे बीपी कमी, मान फुगलेली आणि छाती कोरडी, की उजव्या कप्प्याचा अटॅक समजून चालायचं, नाही असं सिद्ध होईपर्यंत.

उजवा कप्पा दुबळा झाला की रक्त फुफ्फुसांतून पलीकडे ढकलायला त्याच्यात दम उरत नाही. मग डाव्या बाजूपर्यंत पोचायला त्या रक्ताला मागच्या शिरांमधल्या दाबाचाच आधार उरतो. पुण्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात अनुभवतो तसंच हे आहे: जमिनीखालची टाकी भरलेली असली की कमजोर मोटरही गच्चीवर थोडं पाणी चढवते, पातळी उतरली की मोटर हवा ओढायला लागते. फुगलेली मान ही ती भरलेली टाकी. तिला पाण्याचा अतिरेक समजून लॅसिक्स देणं म्हणजे टाकी रिकामी करणं. नायट्रेट शिरा सैल करतं, म्हणजे टाकीच मोठी होते आणि तेवढ्याच पाण्याची पातळी घसरते. परिणाम एकच: डावा कप्पा रिकामा, बीपी कोसळलं.

या रिक्षाचालकाला आमच्याकडे येण्याआधी एका छोट्या दवाखान्यात पाच मिलिग्रॅमची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली होती. आमच्या टेबलावर बीपी ६४ झालं. नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप बंद केलं की काही मिनिटांत असर ओसरतो. ही गोळी मात्र परत घेता येत नाही, तिचा असर तास-दोन तास राहतो. म्हणून ‘आधी गोळी, मग ईसीजी’ या क्रमाचा मी मनापासून विरोध करतो.

आम्ही पाय वर केले, मोठी शिर घेतली आणि नॉर्मल सलाईन २५० मिली दहा मिनिटांत सोडलं. बीपी ८२. छाती पुन्हा ऐकली, स्वच्छ. आणखी २५०. बीपी ९४, हातपाय कोमट. तेवढ्यात छातीवरची V4 ची कॅप त्याच जागी पण उजवीकडे, पाचव्या फटीत, लावून ईसीजी काढला. V4R मध्ये एसटी एक मिलिमीटर वर. निदान पक्कं.

सलाईन मदत करतं, पण बेहिशेबी नाही. हृदयाभोवतीचं आवरण ताणत नाही. उजवा कप्पा फार फुगला तर मधला पडदा डावीकडे ढकलला जातो आणि डाव्या कप्प्याला भरायला जागाच उरत नाही. म्हणून अर्धा ते एक लिटर देऊनही बीपी हलत नसेल, किंवा छातीत आवाज येऊ लागले, तर सलाईन थांबवून नॉरॲड्रेनलिन किंवा डोब्युटामिन लावा. नाडी मंद असेल तर ॲट्रोपिन, गरज पडली तर पेसिंग, कारण दुबळ्या कप्प्याला एकेक ठोका हवा असतो. ॲस्पिरिन वगैरे नेहमीप्रमाणेच, आणि बंद धमनी उघडायला कॅथलॅब लवकरात लवकर. सलाईन तोवरचा आधार आहे.

खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये नायट्रेटने बीपी पडण्याचं प्रमाण इतर अटॅकपेक्षा ठळक जास्त नाही, असं काही अभ्यास दाखवतात. म्हणून खालच्या भिंतीचा प्रत्येक पेशंट वर्ज्य नाही. पण बीपी आधीच कमी, मान फुगलेली, छाती कोरडी असेल, तिथे मी ती गोळी हातात घेणार नाही.

आणि उजवा ईसीजी पहिल्याच वेळी काढा. आमच्या पेशंटचा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढला, तेव्हा V4R ची एसटी खाली आलेली होती. ही खूण पुष्कळदा काही तासांतच पुसली जाते.