मशीन परत आलं, आतला माल नाही: ब्रेकर भाड्याने देणाऱ्यांसाठी

ब्रेकर, कोअर कटर, मोठे ग्राइंडर भाड्याने देत असाल तर हे नीट वाचा. या फसवणुकीत मशीन चोरीला जात नाही आणि मोडूनही येत नाही. ते ठरल्या वेळी परत येतं, पुसलेलं असतं, नंबर प्लेट जुळते, बटण दाबलं की चालतं. आपण खुशीत डिपॉझिट मोकळं करतो. आत मात्र दुसऱ्याच कुणाच्या जळक्या मशीनचे भाग बसवलेले असतात.

माझं दुकान पुण्याच्या हद्दीवर आहे. जुनी घरं पाडणं, बाथरूम फोडून नवी करणं असली कामं इकडे बारमाही चालतात, त्यामुळे ब्रेकर क्वचितच दुकानात पडून राहतो. हा 16 किलोचा ब्रेकर मी 42 हजारांना घेतला होता. भाडं दिवसाला 900 रुपये, डिपॉझिट 5 हजार आणि आधारची झेरॉक्स, असा इकडचा सर्वसाधारण रिवाज. नवीन गिऱ्हाईक आलं. "दादा, बाथरूमचं काम आहे, टाइल्स काढून थोडा कोबा फोडायचाय," म्हणाला. 3 दिवसांनी मशीन परत. मी नंबर पाहिला, केबल पाहिली, मशीन हवेतच चालवून पाहिलं. भाड्याचे 2,700 कापून 2,300 परत दिले.

त्यानंतर तेच मशीन माझ्या नेहमीच्या प्लंबरने नेलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन: "जळका वास येतोय, मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतायत, आणि घाव तर बसतच नाही." आता इथे बहुतेक दुकानदार काय करतात ते आपल्याला माहीत आहे. ज्याच्या हातात मशीन बिघडलं त्याच्याकडून पैसे घ्यायचे. प्लंबर जुना नसता तर मीही कदाचित तेच केलं असतं, आणि एका निर्दोष माणसाच्या डिपॉझिटमधून दुसऱ्याची लबाडी भरून निघाली असती.

मशीन उघडलं ते आमच्या वायंडिंगवाल्या चाचांनी. त्या गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी याच मशीनचं ग्रीस आणि कार्बन त्यांनीच बदलले होते, म्हणून आत काय होतं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी मला चार गोष्टी दाखवल्या. कंपनीच्या आर्मेचरवर व्हार्निशचा थर एकसारखा आणि घट्ट असतो. हे रिवाइंड केलेलं होतं, व्हार्निशचे ओघळ सुकलेले दिसत होते. कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्या लेथवर एकदा घासून पातळ केलेल्या होत्या. कार्बन साधे होते. चाचांनी बसवलेल्या कार्बनच्या पोटात छोटी पिन होती, कार्बन झिजत आला की ती बाहेर येऊन मशीन आपोआप बंद करते. आणि गिअरकडचं ग्रीस काळं, गाडीच्या बेअरिंगमध्ये घालतात तसलं.

म्हणजे त्याच्याकडे याच मॉडेलचं स्वतःचं मशीन होतं आणि त्याचं आर्मेचर गेलं होतं. माझं मशीन नेलं, आतलं चांगलं आर्मेचर आणि फिल्ड काढून आपल्या मशीनला घातलं आणि त्याचं जुनं माझ्यात भरून परत केलं. बाहेरचं बॉडी कव्हर माझंच, त्यामुळे नंबर जुळणारच. ही गोष्ट लक्षात ठेवा: सीरियल नंबर कव्हरवर असतो, किंमत आत असते. सुट्या भागांचं बिल झालं ते असं: आर्मेचर 4,800, फिल्ड 2,200, कार्बन आणि ग्रीस 600, मजुरी 900. एकूण 8,500. प्लंबरचं भाडंही मला सोडावं लागलं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. हवालदार साहेबांचा प्रश्न सरळ होता: मशीन परत आलंय, नंबर तुमचाच आहे, मग गेलं काय? भाड्याने दिलेली वस्तू अप्रामाणिकपणे लाटणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे. पण देताना आत कंपनीचंच आर्मेचर होतं हे दाखवायला माझ्याकडे चाचांच्या तोंडी शब्दापलीकडे काही नव्हतं. त्या माणसाने तर फोनवर उलट मलाच सुनावलं, "तुमचं मशीन जुनाट होतं, त्याला मी काय करू?"

आता नियमांकडे येतो. पहिली गोष्ट डिपॉझिटची रक्कम. माझ्या पावतीवर 5 हजार लिहिलेले होते, पण भाडं त्यातूनच वळतं करायची पद्धत असल्यामुळे तिसऱ्या दिवशी माझ्या हातात तारण उरलं फक्त 2,300 रुपयांचं. कामं लांबली की सहाव्या दिवशी ते शून्यावर येतं आणि त्यानंतर मशीन गिऱ्हाइकाकडे, आपल्याकडे नुसती झेरॉक्स. म्हणून भाडं आगाऊ आणि वेगळं घ्या, डिपॉझिटला हात लावू नका, आणि दिवस वाढवायचे असतील तर वाढीव भाडं आधी जमा होऊ द्या. रक्कम ठरवताना मशीनच्या किमतीचे टक्के काढत बसू नका. 42 हजारांच्या मशीनला 20 हजार मागितले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. आतला सगळ्यात महाग भाग मजुरीसकट बदलायला जेवढा खर्च येतो, तेवढं डिपॉझिट हवंच. या ब्रेकरला मी आता 9 हजार घेतो, ओळखीच्याला 4 हजार. अख्खं मशीन घेऊन पळणाऱ्याला हे पुरत नाही, हे खरं आहे. त्यासाठी साइटचा पत्ता स्वतः जाऊन पाहणं आणि पैसे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या खात्यातून घेणं, एवढंच आपल्या हातात असतं. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे येत असतील तर मी मशीन देत नाही.

दुसरी गोष्ट सील. बाजारात कागदी वॉरंटी स्टिकर मिळतात, ते ब्रेकरवर टिकत नाहीत. धूळ, पाणी आणि हादरे यांनी साइटवरच निघून येतात आणि मग वाद वाढतो. मी मुलीची चमकीवाली नेलपॉलिश वापरतो. मोटरच्या कव्हरचे दोन स्क्रू निवडायचे आणि स्क्रूचं डोकं आणि कव्हर दोन्हींवर येईल असा थेंब टाकायचा. वाळल्यावर मोबाइलने अगदी जवळून फोटो. चमकीचे कण प्रत्येक वेळी वेगळे पडतात, त्यामुळे स्क्रू खोलून पुन्हा तीच नेलपॉलिश लावली तरी फोटोशी जुळत नाही. हा फोटो देतानाच गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि त्याच्याकडून 'ओके' घ्यायचं. कार्बनची झाकणं मात्र सील करू नका, लांबच्या कामात ती उघडावी लागतात. आतही खूण हवी: आर्मेचरच्या पंख्यावर आणि फिल्डच्या पत्र्यावर ऑइल पेंटचा बारीक ठिपका, आणि तो दिसेल असा तारखेचा फोटो. शाफ्टवर पंच मारायच्या फंदात पडू नका, बेअरिंगची जागा खराब होते.

तिसरी गोष्ट म्हणजे परत घेताना चाचणी. हवेत चालवलेलं मशीन काहीच सांगत नाही. दुकानामागे मी काँक्रीटचा जुना ठोकळा ठेवलाय, त्यावर 10 मिनिटं चालवतो. रिवाइंड केलेलं हलकं आर्मेचर लोडवर लवकर तापतं, वास येतो, कार्बनजवळ निळसर ठिणगीचं कडं दिसतं. क्लॅम्प मीटर असेल तर देताना मोकळं चालवून किती अँपिअर घेतं ते पावतीवर लिहा आणि परत आल्यावर त्याच बोर्डावर पुन्हा मोजा. वायंडिंगमध्ये शॉर्ट असेल तर आकडा चढलेला दिसतो. संध्याकाळी सात वाजता पाच गिऱ्हाइकं उभी असताना हे होत नाही, म्हणून पावतीवरच लिहिलंय की डिपॉझिट दुसऱ्या दिवशी, चाचणीनंतर, ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात परत जाईल. यावर सुरुवातीला कुरकुर होते.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण आपल्या धंद्यात उलटी फसवणूकही कमी होत नाही. 'नुकसान झाल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त' असं छापून काही साधत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. म्हणून पावतीवर दुरुस्तीचं प्रत्यक्ष बिल वसूल होईल आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवला जाईल, एवढंच लिहा. त्याच कायद्याच्या कलम 150 प्रमाणे भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे कुणाला इजा झाली तर दोष आपल्याला माहीत नव्हता म्हणून आपली सुटका होत नाही. बदललेल्या भागांचं मशीन न तपासता पुढच्याला देणं म्हणूनच जास्त महागात पडू शकतं. उद्या एखाद्या मजुराला शॉक बसला तर आर्मेचर बदलणारा माणूस तिथे नसेल, आपण असू.

झीज कोणती आणि नुकसान कोणतं, याचीही रेघ आधी मारा. कार्बन, ग्रीस, छन्नीला धार लावणं हे आपलं. केबल कापली, बॉडी फुटली, छन्नी मोडली हे गिऱ्हाइकाचं. खरा वाद जळलेल्या आर्मेचरवर होतो. सगळं वायंडिंग एकसारखं काळं पडलं असेल तर मशीन दाबून चालवलेलं असतं किंवा बारीक वायरच्या लांबलचक एक्स्टेंशनवर लावलेलं असतं. व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. त्याचे पैसे मी घेतो, पण एक्स्टेंशन 2.5 स्क्वेअर एमएमच्या खाली नको हे देतानाच पावतीवर लिहिलेलं असतं. कम्युटेटरच्या एकदोन पट्ट्यांपाशीच जळालं असेल आणि बाकी वायंडिंग स्वच्छ असेल, तर तो बहुधा जुना आतला दोष असतो. त्याचे पैसे मी मागत नाही.

हे सगळं नको असलेली गिऱ्हाइकंही येतात. सील कशाला, फोटो कशाला, आमच्यावर विश्वास नाही का, म्हणतात. त्यांना मी ऑपरेटरसकट मशीन देतो. दर दिवसाला 1,800, डिपॉझिट काहीच नाही, आणि मशीन संध्याकाळी माझ्याच माणसाबरोबर परत येतं.