ड्रोन आणि हातातला कॅमेरा एका फिल्ममध्ये बसवणं : बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

सेटअप आधी सांगतो. वर छोटा ड्रोन, फिक्स अपर्चर एफ 1.7, 10 बिट लॉगमध्ये, म्हणजे ग्रेडसाठी मुद्दाम फिक्या ठेवलेल्या प्रोफाइलमध्ये. खाली एपीएस-सी मिररलेस, तोही लॉगवर, बहुतेक वेळा गिंबलवर. एडिट आणि ग्रेड दोन्ही डाविंची रिझॉल्व्हमध्ये. बरेच महिने हेच कॉम्बिनेशन चालवतोय आणि माझं मत असं झालंय की ड्रोनचा शॉट वेगळा दिसतो तो रंगामुळे कमी आणि शार्पनेस नि शटरमुळे जास्त. लोक मात्र सगळा वेळ लट, म्हणजे रंगाचे तयार प्रीसेट, शोधण्यात घालवतात.

एकच उदाहरण घेऊन सांगतो म्हणजे कळेल. कच्च्या रस्त्यावरून पांढरा शर्ट घातलेला एक माणूस चाललाय, ड्रोन त्याच्या मागे साधारण 4 मीटर उंचीवर, आणि तिथून कट करून खालचा कॅमेरा त्याच्याच मागे गिंबलवर चालतोय. दिशा तीच, वेग तोच. असा कट बसला तर बाकी सगळं बसतं, कारण लपायला जागाच नाही.

पहिली गोष्ट शटर. टाइमलाइन 25 फ्रेमची असेल तर दोन्हीकडे 1/50. खाली ते सोपं, लेन्सवर एनडी म्हणजे उजेड कमी करणारा गडद फिल्टर लावायचा आणि उरलेलं अपर्चरने सांभाळायचं. ड्रोनचं अपर्चर हलतच नाही, त्यामुळे कडक उन्हात आयएसओ 100 ला एनडी न लावता शटर 1/8000 च्या आसपास जातं. मग रस्त्याचे खडे, गवत, माणसाचे पाय सगळं तुकड्या-तुकड्यात हलल्यासारखं दिसतं आणि पुढच्याच शॉटमध्ये खालच्या कॅमेऱ्यात तेच पाय मऊ ब्लर होतात, डोळ्याला लगेच खटकतं. 1/8000 वरून 1/50 वर यायचं म्हणजे सात स्टॉपपेक्षा थोडं जास्त, म्हणून भर दुपारी एनडी 256 लागतो (तो 8 स्टॉपचा), ऊन उतरल्यावर एनडी 64 पुरतो. पण हे जमिनीजवळच्या शॉटसाठीच महत्त्वाचं हं. 100 मीटरवरून हळू सरकणाऱ्या वाइडमध्ये फ्रेममधलं काहीच इतक्या वेगाने सरकत नाही की ब्लर दिसावा, तिथे मी फिल्टर बदलायला ड्रोन खाली आणत बसत नाही. दाट एनडीला स्वतःचा थोडा रंग असतो, लालसर किंवा मजेंटाकडे, म्हणून नवीन फिल्टर आला की पांढरा कागद फिल्टरसकट आणि फिल्टरशिवाय शूट करून बघून ठेवायचा.

फ्रेम रेटचं पण इथेच सांगतो. ड्रोन 30 वर राहिला आणि टाइमलाइन 25 ची असली तर सॉफ्टवेअर दर सहा फ्रेममागे एक टाकून देतं, आणि पॅनमध्ये तो बारीक झटका कोणालाही दिसतो, नाव सांगता आलं नाही तरी दिसतो. क्लिप अॅट्रिब्युट्समध्ये ती क्लिप 25 ची केली की झटका जातो पण वेग 83 टक्क्यांवर येतो. डोंगर-नदीला चालतं. चालणाऱ्या माणसाला नाही, तो पाण्यात चालल्यासारखा वाटतो.

आता शार्पनेस, माझ्या मते खरी मेख इथेच आहे. छोटा सेन्सर असल्यामुळे ड्रोन आतल्या आत शार्पनिंग करून डिटेल दाखवतो. कसं ओळखायचं? फ्रेम 200 टक्के झूम करा आणि आकाशासमोरची झाडाची फांदी बघा, कडेने बारीक पांढरी रेघ दिसेल. खालच्या कॅमेऱ्याच्या फांदीला ती नसते. मी ड्रोनमध्ये शार्पनेस -1 ठेवतो. -2 पण करून पाहिलं, पण मग दूरचं गवत कॉम्प्रेशनमध्ये लगदा होतं आणि तो लगदा नंतर काही केल्या परत येत नाही. रेकॉर्ड झालेली पांढरी रेघही पूर्ण जात नाही, तेवढी मर्यादा मान्य करायची. ग्रेडमध्ये ब्लर रेडियस 0.50 वरून 0.52, फार तर 0.53. ऐकायला काहीच नाही वाटत पण फुल स्क्रीनवर फरक कळतो. उलटं करू नका, म्हणजे ड्रोनला गाठायला खालचा कॅमेरा शार्प करू नका, नाहीतर दोन्ही व्हिडिओसारखे दिसतात.

यातच फोकसचा मुद्दा येतो जो फारसं कोणी बोलत नाही. ड्रोनमध्ये जवळपास सगळंच फोकसमध्ये असतं. लगेच पुढचा शॉट खाली एफ 2 ला, मागचं सगळं विरघळलेलं, असा आला तर रंग कितीही जुळवा, ती दुसरी फिल्म वाटते. म्हणून कटच्या लगतचा खालचा शॉट मी वाइड लेन्सवर एफ 5.6 किंवा 8 ला घेतो आणि उथळ फोकसचे क्लोजअप दोन-तीन शॉटनंतर आणतो, तोवर बघणाऱ्याची नजर जमिनीवर आलेली असते.

रंग शेवटी. दोघांचं लॉग वेगळं, त्यामुळे एकच लट दोघांवर टाकला की एक हिरवट तरी होतो नाहीतर करपतो तरी. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या कन्व्हर्जनने रेक 709 मध्ये आणायचं आणि जुळवणी तिथून. शूट करताना दोन्हीकडे व्हाइट बॅलन्स 5600 ला लॉक. ड्रोन ऑटोवर असला तर कॅमेरा आकाशाकडून जमिनीकडे वळताना चालू क्लिपमध्येच रंग सरकतो आणि मग कीफ्रेम मारत बसा. जुळवताना मी त्या माणसाचा पांढरा शर्ट धरतो. परेडमध्ये, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या आलेखात, शर्टाच्या जागी तिन्ही चॅनल दोन्ही शॉटमध्ये सारख्या उंचीवर आणले की अर्धं काम झालं, मग रस्त्याची माती. आकाशावरून कधीच जुळवत नाही, दोन कॅमेऱ्यांचे कोन वेगळे असल्यावर आकाश तसंही वेगळंच असतं.

उंचावरच्या शॉटला अजून एक गोष्ट लागते, धुरकटपणा. दूरच्या झाडांच्या सावल्या काळ्या राहतच नाहीत, निळसर राखाडी होतात, परेडमध्ये निळ्या चॅनलचा तळ लाल-हिरव्यापेक्षा वर उचललेला दिसतो. लिफ्टमध्ये, म्हणजे गडद भागाच्या कंट्रोलमध्ये, निळा खाली ओढला की सुधारतं, पण पूर्ण फ्रेमवर ओढलात तर जवळची जमीन पिवळी पडते. म्हणून वरच्या अर्ध्या भागावर ग्रेडियंट विंडो, कड भरपूर मऊ, आणि करेक्शन तेवढ्यातच. तरी दूरचं हरवलेलं डिटेल येत नाही ते नाहीच, आणि थोडा धूर राहिलेलाच बरा वाटतो, अंतर कळतं.

ग्रेन सगळ्यात शेवटी पूर्ण टाइमलाइनवर, हलका, सगळ्या शॉटना सारखा. मॅचिंगच्या आधी टाकला तर शार्पनेसचा अंदाजच येत नाही.

जे अजून जमलेलं नाही ते म्हणजे सूर्य मावळल्यानंतरचं. ड्रोनच्या सावल्यांमध्ये नॉइज येतो, नॉइज रिडक्शन लावलं की पानं मेणाची दिसतात, आणि खालचा कॅमेरा त्याच उजेडात मस्त चालत असतो. अशा वेळी दोघांना शेजारी ठेवायचा हट्टच सोडलाय, ड्रोनचा शॉट सीनच्या सुरुवातीला एकटा घेतो आणि मध्ये एखादा घरातला शॉट टाकून मग खाली येतो.